गॅमा म्हणजे वक्रता: ऑप्शन घेणाऱ्याचा फायदा आणि विकणाऱ्याचा तोटा वेग का धरतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाण्यात नौपाड्यात दर शनिवारी आमचा ऑप्शनचा अभ्यासगट बसतो. कोणी घोडबंदर रोडवरून येतं, कोणी ट्रान्स-हार्बरने ऐरोली-वाशीहून. डेल्टा बहुतेकांना कळलेला असतो, थीटा, म्हणजे दिवस सरतो तशी प्रीमियममध्ये होणारी घट, तर विकणाऱ्यांना तोंडपाठ असतो. गाडी अडते ती गॅमापाशी. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे: निफ्टी 25,000 वर, स्ट्राइक 25,000, एक्सपायरीला सात दिवस, आयव्ही म्हणजे प्रीमियममध्ये धरलेली वार्षिक हालचाल 13 टक्के. हिशेब सोपा राहावा म्हणून व्याजदर शून्य धरला आहे. किमती ब्लॅक-शोल्सच्या सूत्राने काढल्या आहेत. बाजारातल्या किमती थोड्या वेगळ्या दिसतील, पण वागणूक हीच असेल.

गॅमाला वक्रता का म्हणतात?

आलेख कागद घ्या. आडव्या रेषेवर निफ्टी, उभ्या रेषेवर 25,000 च्या कॉलचा प्रीमियम. निफ्टी 25,000 वर असताना प्रीमियम 179.55 रुपये. इथे एक टिंब द्या. मग निफ्टी 100-100 ने वर आणि खाली नेऊन प्रत्येक ठिकाणचा प्रीमियम मांडा आणि टिंबं जोडा. रेघ सरळ येत नाही, वाटीसारखी वर वळते.

आता 25,000 च्या टिंबावर पट्टी अशी ठेवा की ती वक्राला फक्त तिथेच टेकेल. पट्टीचा चढ म्हणजे डेल्टा, इथे साधारण 0.50. निफ्टी एक पॉइंट वर गेला की प्रीमियम 50 पैशांनी वाढेल, असं पट्टी सांगते. 25,300 वर ती प्रीमियम 331 रुपये दाखवते. प्रत्यक्षात वक्र 369 वर असतो. मधली 38 रुपयांची फट गॅमामुळे पडलेली आहे.

त्याच पट्टीवर खाली 24,700 पर्यंत या. पट्टी सांगते 28 रुपये, वक्र सांगतो 67. इथेही जवळपास 39 रुपयांची फट, आणि इथेही वक्र पट्टीच्या वरच. बाजार वर जावो की खाली, ऑप्शन ज्याच्या हातात आहे तो पट्टीच्या अंदाजापेक्षा बऱ्या स्थितीत राहतो आणि ज्याने विकला आहे तो वाईट स्थितीत. पुढची सगळी उत्तरं या एका फटीतून निघतात.

तीच गोष्ट आकड्यांत दाखवाल का?

वेळ आणि आयव्ही जागच्या जागी, फक्त निफ्टी हलवला:

| निफ्टी | कॉलचा प्रीमियम | डेल्टा |
|---|---|---|
| 24,700 | 67.2 | 0.25 |
| 24,800 | 96.3 | 0.33 |
| 24,900 | 133.6 | 0.42 |
| 25,000 | 179.55 | 0.50 |
| 25,100 | 234.3 | 0.59 |
| 25,200 | 297.6 | 0.67 |
| 25,300 | 368.9 | 0.75 |

वर जाताना पहिले 100 पॉइंट कॉल घेणाऱ्याला 55 रुपये देतात, दुसरे 63, तिसरे 71. खाली येताना पहिले 100 पॉइंट 46 रुपये नेतात, दुसरे 37, तिसरे 29. बाजू बरोबर निघाली की प्रत्येक पुढचं पाऊल आधीच्यापेक्षा जास्त देतं, आणि चुकली की प्रत्येक पुढचं पाऊल आधीच्यापेक्षा कमी नेतं. विकणाऱ्यासाठी हाच तक्ता उलटा वाचायचा.

डेल्टाच्या रकान्यात दर 100 पॉइंटला साधारण 0.08 ते 0.09 ची भर पडते. 25,000 पाशी एका पॉइंटला 0.00088 च्या आसपास. हा गॅमा. इतका बारीक आकडा पाहून बरेच जण त्याला सोडून देतात, पण तो एका पॉइंटचा आहे आणि निफ्टी दिवसाला शेकड्यांत हलतो.

पण वक्र मुळात का वळतो?

एक्सपायरीच्या क्षणी कॉलची रेघ सरळच असते, फक्त मध्ये एक कोपरा असतो. 25,000 च्या खाली किंमत शून्य, वर गेल्यावर पॉइंटला पॉइंट. डेल्टा एकतर 0, नाहीतर 1. सात दिवस आधी कोणत्या बाजूला संपेल हे ठरलेलं नसतं, म्हणून तो कोपरा घासून गोल झालेला असतो.

निफ्टी वर सरकतो तशी कॉल पैशात संपण्याची शक्यता वाढते, आणि कॉल अधिकाधिक निफ्टीसारखा वागू लागतो. खाली सरकतो तसा तो मरगळतो, कारण प्रीमियम शून्याखाली जाऊ शकत नाही. घेणाऱ्याचा माल वर जाताना आपोआप वाढतो आणि खाली येताना आपोआप घटतो. त्यासाठी त्याला एकही ऑर्डर टाकावी लागत नाही. विकणाऱ्याकडे हेच उलट्या दिशेने घडतं: बाजार त्याच्या विरुद्ध गेला की त्याची चुकीची पोझिशन मोठी होत जाते आणि त्याच्या बाजूने आला की लहान होते.

स्ट्रॅडल विकणाऱ्याचा तोटा किती वेगाने वाढतो?

इथे जरा थांबू, कारण आपल्याकडे बहुतेकांचे पैसे याच ठिकाणी जातात.

25,000 चा कॉल आणि पुट, दोन्ही विकले. मिळाले 359 रुपये. सुरुवातीला डेल्टा जवळपास शून्य, म्हणून पोझिशन शांत वाटते. निफ्टी 25,100 झाला: स्ट्रॅडलची किंमत 368.6, तोटा साडेनऊ रुपये. 65 च्या एका लॉटला सहाशेच्या आसपास. माणूस म्हणतो, 100 पॉइंट हलून एवढंच गेलं, थीटा संध्याकाळपर्यंत भरून देईल.

25,200 वर तोटा 36 रुपये होतो. 25,300 वर 79. म्हणजे लॉटला पाच हजारांच्या वर. चाल दुप्पट झाली तेव्हा तोटा चौपट झाला, तिप्पट झाली तेव्हा आठ-नऊ पट. कारण तोटा चालीच्या वर्गाप्रमाणे वाढतो:

```
तोटा ≈ ½ × गॅमा × (चाल)²
```

स्ट्रॅडलमध्ये दोन ऑप्शन आहेत, म्हणून गॅमा दुप्पट, 0.00177. सूत्रात 300 घाला: अर्धा गुणिले 0.00177 गुणिले 90,000, म्हणजे जवळपास 80. खरा आकडा 79. हजार पॉइंटच्या चालीला मात्र हे सूत्र चालणार नाही. स्ट्राइकपासून दूर गेल्यावर गॅमा घटतो, वक्र जवळपास सरळ होतो आणि तोटा वर्गाने न वाढता पॉइंटला पॉइंट वाढू लागतो. तोवर लॉटमागे नुकसान एवढं झालेलं असतं की वाढीचा वेग कमी झाल्याचा काही उपयोग नसतो.

पहिल्या 100 पॉइंटांचा अनुभव पुढच्या 200 बद्दल चुकीचा धीर देतो. गटात येणाऱ्यांच्या जुन्या नोंदी पाहिल्या की हेच दिसतं: ज्या पॉइंटला बाहेर पडणं स्वस्त होतं, तिथे आकडा इतका छोटा दिसत होता की हात हललाच नाही.

मग सगळ्यांनी ऑप्शन घ्यावेतच, नाही का?

नाही. ही वक्रता फुकट मिळत नाही, तिचं रोजचं भाडं थीटा आहे. आपल्या कॉलचा थीटा दिवसाला 12.8 रुपये, स्ट्रॅडलचा 25.6. बाजार जागेवर बसला तर घेणारा एवढे रोज देतो.

किती हालचाल झाली की भाडं वसूल होतं? वरच्याच सूत्रात तोट्याच्या जागी 25.6 ठेवा, चाल निघते साधारण 170 पॉइंट. हा आकडा आयव्हीतूनही थेट मिळतो: 25,000 च्या 13 टक्क्यांना 365 च्या वर्गमुळाने भागलं की 170. दोन्ही वाटांनी एकच उत्तर येतं. आयव्ही म्हणजे बाजाराने ठरवलेला हालचालीचा भाव, आणि थीटा म्हणजे त्या भावाने रोज फाडली जाणारी पावती. दिवसाची चाल 170 पेक्षा मोठी तर घेणारा जिंकला, लहान तर विकणारा. इथे दिवस कॅलेंडरचे आहेत, शनिवार-रविवार धरून.

म्हणून "गॅमा चांगला की वाईट" या प्रश्नाला अर्थ नाही. तुम्ही 13 टक्क्यांना घेतलं की विकलं, आणि निफ्टी प्रत्यक्षात किती हलला, एवढंच विचारायचं.

एक्सपायरी जवळ आली की गॅमा का भडकतो?

कोपरा पुन्हा टोकदार व्हायला लागतो म्हणून. एटीएमपाशी, म्हणजे निफ्टी स्ट्राइकवरच असताना, गॅमाचं सूत्र ढोबळमानाने असं आहे:

```
Γ ≈ 0.4 / (S × σ × √T)
```

S म्हणजे निफ्टी, σ म्हणजे आयव्ही, T म्हणजे वर्षांत मोजलेला उरलेला वेळ. वेळ छेदात, वर्गमुळाखाली आहे. सात दिवसांचा एक दिवस झाला की गॅमा √7 म्हणजे 2.65 पट होतो, 0.00089 चा 0.0023. एक दिवस उरलेला असताना 25,000 चं स्ट्रॅडल सुमारे 136 रुपयांना मिळतं. निफ्टी 100 पॉइंट हलला की विकणाऱ्याचा तोटा 23 रुपये, 200 वर 84, 300 वर 170. सात दिवसांच्या स्ट्रॅडलमध्ये हेच आकडे साडेनऊ, 36 आणि 79 होते. आणि आता हातात आलेला प्रीमियमही 359 नाही, 136 आहे. 300 पॉइंटची चाल तो सगळा खाऊन वर आणखी 34 रुपये मागते.

शेवटच्या दोन तासांत, तासांच्या हिशेबाने, एटीएमचा गॅमा 0.008 पर्यंत जातो. त्या वेळी निफ्टी फक्त 50 पॉइंट वर गेला तरी डेल्टा 0.50 वरून 0.85 च्या आसपास पोचतो. निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी सप्टेंबर 2025 पासून मंगळवारी असते. मंगळवारी दुपारी दहा रुपयांचा ऑप्शन काही मिनिटांत साठ होताना दिसतो, तो यामुळे. याच धोक्यापोटी सेबीने नोव्हेंबर 2024 पासून एक्सपायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर 2 टक्के जादा मार्जिन लावलं आहे.

एक बारकावा मात्र लक्षात असू द्या. गॅमा भडकतो तो स्ट्राइकच्या आसपासच. 300 पॉइंट लांबच्या 25,300 च्या कॉलचा गॅमा सात दिवस असताना 0.0007 असतो आणि एक दिवस उरला की 0.0005 वर उतरतो. "एक्सपायरीला सगळ्या ऑप्शनचा गॅमा वाढतो" हे वाक्य चूक आहे. तो मधे गोळा होतो आणि कडांवरून ओसरतो.

लांबचा ओटीएम विकला तर गॅमा लहान असतो ना? मग भीती कशाची?

पाचपाखाडीतले एक काका हे दर महिन्याला विचारतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. सात दिवस आधी 25,500 चा कॉल 31 रुपयांना विकला. डेल्टा 0.14, गॅमा 0.0005, एटीएमच्या जवळपास निम्मा. कागदावर सगळं सौम्य.

आता निफ्टी 250 पॉइंटांनी वर गेला: कॉल 84 रुपये. आणखी 250 गेला, म्हणजे 25,500 झाला: 183 रुपये. पहिल्या 250 ने 53 नेले, दुसऱ्या 250 ने 99. मिळालेल्या प्रीमियमच्या सहापट किंमत आता परत द्यावी लागेल, आणि अजून ऑप्शन पैशात गेलेलाही नाही.

इथे फक्त डेल्टा वाढत नाही, गॅमाही वाढतो. निफ्टी स्ट्राइककडे सरकेल तसा 0.0005 चा 0.0009 होतो. विकताना स्क्रीनवर दिसलेला गॅमा त्या क्षणाच्या निफ्टीचा असतो, अडचणीच्या क्षणाचा नसतो. शिवाय प्रीमियम छोटा म्हणून माणूस लॉट वाढवतो. 359 च्या स्ट्रॅडलचा एक लॉट विकणारा 31 च्या कॉलचे दहा लॉट सहज विकतो, आणि तिथे एकूण गॅमा स्ट्रॅडलपेक्षा कितीतरी जास्त होऊन बसतो. काकांना मी एवढंच सांगतो: लॉटच्या संख्येने गुणलेला गॅमा बघा, आणि निफ्टी स्ट्राइकवर आला असं धरून तो पुन्हा काढा.

फ्यूचर घेऊन हेज करत राहिलो तर?

करता येतं, पण त्याची किंमत असते आणि ती या पानावरच्या वक्रतेचीच असते.

दहा लॉट स्ट्रॅडल विकलं, म्हणजे 650 युनिट. निफ्टी 25,200 वर गेला. स्ट्रॅडलचा डेल्टा आता 0.35, म्हणजे विकणारा सुमारे 226 युनिट शॉर्ट झाला आहे. तो तीन लॉट फ्यूचर घेतो. निफ्टी फिरून 25,000 वर आला. आता ते फ्यूचर नकोत, म्हणून विकले. 195 युनिट गुणिले 200 पॉइंट, 39,000 रुपये गेले. स्ट्रॅडल मूळ किमतीला परत आलं, पण हेजचे पैसे परत येत नाहीत. दहा लॉटचा दिवसाचा थीटा साधारण 16,600 आहे, म्हणजे एका फेरीने दोन दिवसांहून अधिक कमाई खाल्ली.

हेज केलाच नसता आणि निफ्टी फिरला असता तर काही गेलं नसतं. पण निफ्टी फिरेल हे 25,200 वर कोणाला माहीत असतं? शॉर्ट गॅमावाला वर घेतो आणि खाली विकतो, दर वेळी. स्ट्रॅडल घेणारा त्याच फेरीत 25,200 ला फ्यूचर विकतो आणि 25,000 ला परत घेतो. यालाच बाजारात गॅमा स्काल्पिंग म्हणतात. दहा लॉटच्या खाली हे फारसं जमत नाही, कारण एका लॉटचा डेल्टा निस्तरायला फ्यूचरचा अख्खा लॉट फार मोठा पडतो.

माझ्या ॲपमध्ये गॅमा दिसतच नाही. कसा काढू?

ऑप्शन चेनमधल्या तीन किमती पुरतात. निफ्टी 25,000 असताना 24,900 चा कॉल 233.6, 25,000 चा 179.55, 25,100 चा 134.3. दोन कडांची बेरीज 367.9. मधल्याची दुप्पट 359.1. फरक 8.8. त्याला 100 च्या वर्गाने, म्हणजे 10,000 ने भागा: 0.00088. हाच एटीएमचा गॅमा.

```
(C(24900) − 2 × C(25000) + C(25100)) / 100²
```

हा फरक म्हणजे बटरफ्लायचीच किंमत, आणि वक्र किती वळला आहे ते तोच मोजतो. तिन्ही किमती एकाच क्षणाच्या घ्या आणि बिड-आस्कच्या मधल्या घ्या. शेवटच्या सौद्याच्या किमती घेतल्या तर एका जुन्या सौद्यामुळे उत्तर दुप्पट किंवा ऋणही येईल. ऋण आलं की समजा किमती शिळ्या आहेत.

गॅमाचा हिशेब कुठे फसतो?

जिथे निफ्टीबरोबर आयव्हीही उडी मारते तिथे. वरच्या सगळ्या तक्त्यांत 13 टक्के गृहीत आहेत. बाजार जोरात पडला की आयव्ही बहुधा चढते, आणि विकणाऱ्याला गॅमाचा तोटा अधिक व्हेगाचा, म्हणजे आयव्ही चढल्याने होणारा, तोटा असे दोन्ही भरावे लागतात. उलट निकाल किंवा बजेटच्या आधी चढलेल्या आयव्हीला स्ट्रॅडल घेतलं, तर निफ्टी 200 पॉइंट हलूनही घेणारा तोट्यात राहू शकतो, कारण घटना होऊन गेल्यावर आयव्ही कोसळते.

4 जून 2024 आठवा, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी निफ्टी 23,263.90 ला बंद झाला होता. त्या दिवशी तो 21,281.45 पर्यंत खाली गेला आणि 21,884.50 ला बंद झाला, 5.93 टक्के घसरण. आदल्या दिवशीच्या बंद भावापासून नीचांकापर्यंत जवळपास दोन हजार पॉइंट, आणि तिथून सहाशे पॉइंट परत वर. शॉर्ट गॅमा हेज करणाऱ्याला खाली विकावं लागलं आणि मग वर परत घ्यावं लागलं, तेही पसरलेल्या बिड-आस्कमध्ये. अशा दिवशी `½ × गॅमा × चाल²` हे सूत्र काही कामाचं राहत नाही. पोझिशन 23,000, 22,500, 22,000, 21,500 अशा प्रत्येक पातळीला नव्याने किंमत लावून आदल्या रात्रीच पाहावी लागते.

स्टॉपलॉस लावला की पुरे, की विंग घ्यावेत?

स्टॉपलॉस किंमत सलग सरकते असं धरतो. शॉर्ट गॅमामध्ये नेमक्या वेगाच्या क्षणी किमतींत खड्डे पडतात, आणि लोकलमध्ये मुंब्र्याच्या बोगद्यात रेंज गेली तर हाताने काही करताही येत नाही. विंग घेतले, म्हणजे 24,500 चा पुट आणि 25,500 चा कॉल घेऊन स्ट्रॅडलची आयर्न फ्लाय केली, तर वक्र दोन्ही टोकांना पुन्हा वर वळतो आणि तोट्याला तळ मिळतो. 25,500 चा कॉल आपल्या उदाहरणात 31 रुपये, 24,500 चा पुटही जवळपास तेवढाच. म्हणजे 359 पैकी साठेक रुपये विंगवर जातात, हातात तीनशेच्या आत उरतात, आणि कमाल तोटा 500 वजा ते, म्हणजे दोनशे रुपयांच्या थोडा वर. लॉटला तेरा हजारांच्या आसपास, निफ्टी कुठेही गेला तरी. मी स्वतः विंगशिवाय एटीएम विकत नाही.